आर्टिकलशिपमधील अभ्यास : तासांचा खरा हिशेब

व्यापारी घराण्यांत सी.ए. होऊ पाहणारा एक तरी मुलगा किंवा मुलगी आता बहुतेक असतेच. इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप पार पडले की घरात पेढे वाटले जातात आणि आर्टिकलशिप सुरू होते. त्यानंतरची दोन वर्षे कशी जातात, याची कल्पना मात्र घरातील वडीलधाऱ्यांना सहसा नसते. मुलगा सकाळी आठला बाहेर पडतो, रात्री पावणेनऊला परततो आणि पुस्तक उघडून बसतो, एवढेच त्यांना दिसते. उघडलेल्या पुस्तकातून खरोखर पदरात काय पडले, हे त्यांना दिसत नाही आणि पुष्कळदा त्या मुलालाही दिसत नाही.

उदाहरणादाखल कल्याणचे एक घर घेऊ. घरचा किराण्याचा घाऊक व्यापार आहे. मुलगा वीस वर्षांचा, हुशार आणि कष्टाळू. मुंबईत फोर्ट भागातील एका फर्ममध्ये तो आर्टिकल म्हणून रुजू झाला. कार्यालयाची वेळ दहा ते साडेसहा, शनिवारी अर्धा दिवस. सकाळची जलद लोकल, सव्वा तासाचा उभ्याने प्रवास, दिवसभर व्हाउचर आणि खतावण्या, संध्याकाळी पुन्हा तशीच गर्दी. घरी आल्यावर हातपाय धुऊन, थोडे बोलून तो साडेनऊला अभ्यासाला बसे आणि बाराला उठे. रोजचे अडीच तास म्हणजे आठवड्याचे पंधरा. कागदावर हा हिशेब उत्तम होता.

चार महिन्यांनी त्याने स्वतःची परीक्षा घेतली. फायनलच्या ‘फायनान्शियल रिपोर्टिंग’ या विषयातील समूह कंपन्यांच्या एकत्रित हिशेबाचे प्रकरण त्याने तीनदा वाचले होते, महत्त्वाच्या ओळी रंगवल्या होत्या. एका रविवारी जुना प्रश्न घेऊन, पुस्तक मिटून तो बसला. अर्धा प्रश्न सुटला आणि उरलेल्या अर्ध्यात सुरुवात कुठून करावी हेच सुचेना. वाचलेले ओळखीचे वाटत होते, पण पुस्तक समोर नसताना ते हाताशी येत नव्हते. ओळख पटणे आणि आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात येणारा माणूस चेहऱ्याने ओळखता येतो, म्हणून त्याच्याकडून किती येणे आहे ते सांगता येतेच असे नाही. थकलेल्या डोक्याने केलेले वाचन बहुधा चेहऱ्याच्या ओळखीपर्यंतच पोहोचते.

या मुलाने त्यानंतर जे बदल केले, ते अशाच स्थितीतील दुसऱ्या कोणालाही उपयोगी पडावेत.

पहिला बदल तास मोजण्याच्या पद्धतीत झाला. पुस्तकासमोर किती वेळ बसलो, हे लिहिणे त्याने बंद केले. प्रत्येक बैठकीच्या शेवटी पुस्तक मिटायचे, कोऱ्या कागदावर त्या विषयाचे पाच मुद्दे किंवा प्रश्नाच्या पायऱ्या लिहायच्या आणि मग पुस्तकाशी ताडून पाहायच्या. पाचांपैकी चार जमले तर तो तास जमेस धरायचा, नाही तर नाही. आठवडाभर असा रोजमेळ ठेवल्यावर पंधरापैकी जेमतेम सहा तास जमेच्या बाजूला उतरले. साडेनऊ ते सव्वादहा हा वेळ बरा जाई. त्यानंतर तीच ओळ तिसऱ्यांदा वाचणे, गणितात आकडा उतरवताना चुकणे आणि उत्तर पाहून ‘हे तर येतच होते’ असे वाटणे सुरू होई. ही तीन लक्षणे एकत्र दिसू लागली की पुस्तक मिटून झोपणे हेच शहाणपणाचे. त्यापुढील वेळ वाया जातोच, शिवाय दुसऱ्या दिवशीच्या ताज्या वेळावर त्याचा बोजा पडतो.

दुसरा बदल वेळ आणि काम यांची जुळणी लावण्याचा. ताजे डोके लागणारे काम सकाळी आणि थकलेल्या डोक्यालाही झेपणारे काम संध्याकाळी, अशी विभागणी त्याने केली. रात्री दहाला झोपून पाचला उठणे पहिले दोन आठवडे जड गेले. पुढे ते अंगवळणी पडले. साडेपाच ते सात हा दीड तास त्याने केवळ हाताने सोडवायच्या प्रश्नांना दिला. एकत्रित हिशेब, ‘अॅडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट’मधील मूल्यांकनाची गणिते, प्रत्यक्ष करातील उत्पन्नाची आकडेमोड. हे प्रश्न वाचून येत नाहीत, पेन चालवूनच येतात. त्यासाठी टेबल, शांतता आणि विश्रांती घेतलेले डोके ही तिन्ही लागतात.

येथे एक बारीक गोष्ट फार उपयोगी पडली. सकाळी उठल्यावर आज काय करायचे हे ठरवण्यातच वीस मिनिटे जात. म्हणून रात्री झोपण्यापूर्वी तो दुसऱ्या दिवशीचा प्रश्न उघडून, कोरा कागद, पेन आणि कॅल्क्युलेटर टेबलावर मांडून ठेवू लागला. दुकान उघडण्यापूर्वी वजने-मापे जागेवर असतात, तशी ही मांडामांड. सकाळी बसले की लगेच पहिली ओळ लिहायची.

प्रवासाचा प्रश्न त्याने दोन भागांत पाहिला. सकाळच्या जलद गाडीत कल्याणला बसायला जागा मिळत नाही आणि हात वर काढायलाही फारशी सोय नसते. तेथे पुस्तक उघडण्याचा अट्टाहास व्यर्थ, दाराशी उभे राहून वाचणे तर धोक्याचे. त्याने खिशात मावणारी छोटी वही केली. फलाटावर गाडीची वाट पाहताना तिचे एकच पान वाचायचे, वही खिशात टाकायची आणि ठाणे ते दादर त्या पानावरचे मुद्दे मनात क्रमाने म्हणायचे. दादरला गर्दी उतरली की वही काढून काय राहिले ते पाहायचे. लेखापरीक्षणाची मानके, व्यावसायिक आचारसंहिता आणि अप्रत्यक्ष करातील अटी यांना ही पद्धत मानवते. गणिताला ती मानवत नाही.

परतीच्या प्रवासात मात्र खरा लाभ झाला. संध्याकाळी सगळे जलद गाडीच्या मागे धावतात, कारण तीत वीसेक मिनिटे वाचतात. हा मुलगाही तेच करीत असे. त्या गाडीतील सव्वा तास उभ्याने जाई आणि घरी पोहोचेपर्यंत अंगात त्राण उरत नसे. एकदा त्याने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरूनच सुटणारी कल्याणची धीमी गाडी धरली. गाडी तेथूनच सुटत असल्यामुळे थोडे लवकर जाऊन उभे राहिले की बसायला जागा मिळे. प्रवास दीड तासाचा झाला, पण तो बसून. घरी वीस मिनिटे उशीर झाला आणि त्या बदल्यात बसलेला, हात मोकळा असलेला दीड तास हाती आला. त्यातील पहिला अर्धा तास तो डोळे मिटून चक्क विश्रांती घेई. उरलेल्या तासात सकाळच्या प्रश्नातील चुका तपासणे, बहुपर्यायी प्रश्न सोडवणे आणि वहीची नवी पाने लिहिणे ही कामे होत. फायनलच्या बहुतेक विषयांत तीस गुण बहुपर्यायी प्रश्नांना असतात. मांडीवर कागद ठेवून सोडवता येतील असे ते प्रश्न असल्यामुळे लोकलमधील तास त्यांना योग्यच.

घरी पोहोचल्यावर वीस मिनिटांहून अधिक अभ्यास करायचा नाही, असा त्याने नियम केला. त्या वीस मिनिटांत नवे काही शिकायचे नाही. दिवसाच्या चुका वहीत उतरवायच्या, उद्याचे टेबल मांडायचे आणि दिवा मालवायचा.

जेवणाचाही यात वाटा आहे. ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम आहे, तेथे आर्टिकलशिप करणाऱ्या मुलांची मोठी अडचण होते. डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमारासच सूर्य मावळतो, म्हणजे कार्यालय सुटण्यापूर्वीच. या मुलाची आई दुपारच्या डब्याबरोबर दुसरा लहान डबा देऊ लागली आणि फर्ममधील वरिष्ठांना आधी विचारून तो साडेपाचच्या सुमारास पंधरा मिनिटांत जेवून घेई. अडचणीतून निघालेल्या या मार्गाचा अभ्यासाला फायदाच झाला. रात्री नऊला भरपेट जेवल्यावर येणारी सुस्ती टळली आणि दहाची झोप शक्य झाली. ज्यांच्या घरी असा नियम नाही, त्यांनीही मुख्य जेवण कार्यालयातच लवकर उरकून रात्रीचे हलके ठेवून पाहण्यासारखे आहे.

आता चुकांच्या वहीविषयी. साऱ्या व्यवस्थेचा कणा तीच होती. व्यापाऱ्याच्या घरी उधारीची वही कशी ठेवतात हे त्या मुलाने लहानपणापासून पाहिले होते. प्रत्येक येणे तारखेसह लिहायचे, वसूल झाले की खोडायचे आणि जे बरेच दिवस राहिले त्याचा तगादा आधी लावायचा. चुकांची वही त्याने याच धर्तीवर ठेवली. एक नोंद पाहू.

प्रश्न असा होता : एका कंपनीने दुसऱ्या कंपनीचे ८० टक्के भाग ५० लाख रुपयांना घेतले. दुसऱ्या कंपनीची निव्वळ मालमत्ता पुस्तकी किमतीने ५० लाख, मात्र तिच्या जमिनीचे वाजवी मूल्य पुस्तकी किमतीपेक्षा ५ लाखांनी अधिक आहे, असे शेवटच्या टिपेत दिलेले. कराचा परिणाम आणि इतर तपशील बाजूला ठेवले आणि उरलेल्या २० टक्के भागधारकांचा हिस्सा प्रमाणात धरला, तर ख्यातिमूल्य किती? मुलाने ५० लाखांत २० टक्क्यांचा हिस्सा म्हणून १० लाख मिळवले, त्यातून ५० लाख वजा केले आणि उत्तर १० लाख काढले. बरोबर उत्तर असे : निव्वळ मालमत्ता ५५ लाख, तिच्या २० टक्के ११ लाख, म्हणून ५० अधिक ११ वजा ५५, म्हणजे ६ लाख.

पूर्वी तो अशा वेळी बरोबर उत्तर उतरवून पुढे जाई. आता त्याने चुकीचे कारणही लिहिले : ‘नियम माहीत होता. शेवटची टीप वाचायची राहिली.’ कारण लिहिण्याचे महत्त्व असे की चुका तीन जातींच्या असतात आणि तिन्हींचे औषध वेगळे आहे. नियमच ठाऊक नव्हता, तर पुस्तकाकडे परत जावे लागते. ठाऊक होता पण आठवला नाही, तर उजळणीची तारीख लवकरची घालावी लागते. ठाऊक होता, आठवलाही, पण वाचण्यात किंवा आकड्यांत चूक झाली, तर प्रकरण पुन्हा वाचून काहीच साधत नाही, सवय बदलावी लागते. या मुलाने सवय लावली ती अशी : प्रश्न सोडवण्यापूर्वी सर्व टिपांना क्रमांक द्यायचे आणि उत्तरात टीप वापरली की त्या क्रमांकावर खूण करायची. महिनाभराच्या नोंदी मोजल्यावर त्याच्या जवळजवळ निम्म्या चुका या तिसऱ्या जातीच्या निघाल्या. इतके दिवस तो त्यांच्यावर पहिल्या जातीचे औषध करीत होता.

प्रत्येक नोंदीपुढे तो पुढच्या तारखा घालत असे. तिसऱ्या दिवशी एकदा, दहाव्या दिवशी एकदा आणि महिन्याने एकदा. त्या त्या दिवशी उत्तर झाकून प्रश्न पुन्हा सोडवायचा. तिन्ही वेळा बरोबर आला की नोंद खोडायची, मध्ये चुकला की पुन्हा तिसऱ्या दिवसापासून सुरुवात. थोडे विसरू लागल्यावर केलेली उजळणी कष्टाची वाटते, पण टिकते ती तीच. एकाच रात्री तीनदा वाचणे सोपे वाटते आणि त्याच सोपेपणामुळे फसवते.

कार्यालयातील कामाचाही अभ्यासात वाटा घेता येतो, हे त्याला जरा उशिरा उमगले. ग्राहक कंपनीच्या गोदामात साठ्याची मोजणी पाहायला पाठवले की ते पाय मोडणारे काम वाटते. पण त्याच दिवशी परतीच्या गाडीत लेखापरीक्षण मानक ५०१ मधील साठ्याविषयीचा भाग वाचला, तर आपण मोजणीची यादी का तपासली आणि यादीतून मालाकडे तसेच मालाकडून यादीकडे अशी दोन्ही बाजूंनी पडताळणी का केली, हे डोळ्यांसमोर उभे राहते. देणेकऱ्यांना शिल्लक पुष्टीची पत्रे धाडल्यावर मानक ५०५ वाचावे. खरेदी नोंदवहीचा जी.एस.टी.आर.-२बी शी मेळ घालताना एखादे बीजक का जुळत नाही, ते शोधल्यावर इनपुट टॅक्स क्रेडिटच्या अटी पुन्हा पाहाव्यात. रोज एक काम आणि त्याचे एक पान, याहून अधिक नको. जे हाताने केले ते लक्षात ठेवायला वेगळे कष्ट पडत नाहीत. याची मर्यादाही ध्यानात असावी : फर्ममध्ये जे काम येतच नाही, त्या प्रकरणांची सोय सकाळच्या दीड तासातूनच करावी लागते.

ही व्यवस्था बारा महिने सारखी चालत नाही. महिन्याच्या विसाव्या तारखेच्या आसपास जी.एस.टी.चे विवरणपत्र असते आणि सप्टेंबरात कर-लेखापरीक्षणाची धांदल असते, तेव्हा घरी यायला दहा वाजतात. पहिल्या वर्षी सप्टेंबरात त्याने नेहमीचाच क्रम रेटण्याचा प्रयत्न केला, झोप पाच तासांवर आणली आणि शेवटच्या आठवड्यात तापाने पडला. दुसऱ्या वर्षी त्याने आधीच ठरवले की या महिन्यात नवे प्रकरण घ्यायचे नाही. सकाळी अर्धा तास चुकांच्या वहीतील ज्यांची तारीख आली आहे तेवढ्याच नोंदी, बाकी वेळ झोप. वही चालू राहिली म्हणून ऑक्टोबरात पुन्हा आरंभ करणे अवघड गेले नाही. बुडालेले तास भरून काढण्यासाठी दुप्पट अभ्यास करण्याचा मोहही त्याने टाळला.

रविवारचे महत्त्व वेगळे. फायनलची परीक्षा दुपारी दोनला सुरू होते आणि बहुतेक विषयांना तीन तास असतात. म्हणून पंधरा दिवसांतून एका रविवारी, दुपारी दोन ते पाच, पूर्ण प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायची असे त्याने ठरवले. जेवणानंतर डोळ्यांवर येणाऱ्या झापडीतच परीक्षा द्यायची असते. तिची सवय आधीपासून नसेल, तर सकाळचा ताजेपणा गृहीत धरून केलेली तयारी दुपारी उणी पडते. पहिल्या प्रश्नपत्रिकेत वीस गुणांचे प्रश्न त्याच्या हातूनच राहिले, कारण पहिल्या प्रश्नावर तासभर गेला होता. ज्ञान पुरेसे होते, वेळ पुरला नाही. प्रत्येक विषयात किमान चाळीस आणि ग्रुपची सरासरी पन्नास टक्के, असा नियम असताना वीस गुण कोरे सोडणे परवडत नाही.

पण रविवार हा घरचा आणि दुकानाचाही दिवस. पाहुणे, लग्नकार्ये, महिनाअखेरीची मालमोजणी. वडिलांची अपेक्षा होती की मुलाने आठवड्यातून एक दिवस तरी गल्ल्यावर बसावे. यावर वाद झाला. अखेर आजोबांनी तोडगा काढला : सकाळी नऊ ते बारा दुकान आणि दोन ते पाच त्याच्या खोलीचे दार बंद. त्या वेळात फोन नाही, निरोप नाही, चहाही नाही. घरातील माणसांनी द्यायची मदत एवढीच होती, आणि ती पैशांच्या मदतीहून कठीण ठरली. पहिल्या महिन्यात आईने दोनदा दार वाजवले.

हे सारे आर्टिकलशिपच्या काळातच का करावे, असा प्रश्न कोणी विचारील. जुलै २०२३ पासूनच्या व्यवस्थेत आर्टिकलशिप दोन वर्षांची झाली आणि ती संपल्यावर फायनलपूर्वी सहा महिने अभ्यासाला मिळतात. अनेक मुले साऱ्या अभ्यासाची भिस्त त्या सहा महिन्यांवर ठेवतात. सहा महिने म्हणजे सव्वीस आठवडे आणि विषय सहा. प्रत्येकाला जेमतेम चार आठवडे येतात आणि तेवढ्यात पहिलेच वाचन संपते, उजळणीला वेळच राहत नाही. ज्याचे पहिले वाचन आणि चुकांची वही आधीच तयार आहे, त्याला हेच सव्वीस आठवडे तीन फेऱ्यांना पुरतात. पहिली सुमारे तेरा आठवड्यांची, दुसरी आठांची आणि शेवटची पाचांची. संस्थेचे स्वयंगतीने पुरे करायचे ऑनलाइन अभ्यासघटकही आर्टिकलशिपमध्येच उरकले, तर या सहा महिन्यांत त्यांचा अडथळा होत नाही.

बदल केल्यानंतरचा त्याचा आठवडा असा उतरला : सकाळचे नऊ तास, परतीच्या गाडीतील सहा आणि ज्या रविवारी प्रश्नपत्रिका असेल तेव्हाचे तीन. एकूण अठरा, आणि रात्री दहाला झोप. पूर्वीच्या पंधरा तासांतून सहा जमेस येत. आता अठरांतून सर्व नाही, तरी चौदा-पंधरा येऊ लागले. संध्याकाळ थकलेलीच राहिली, गाडीची गर्दीही कमी झाली नाही. थकल्या वेळेकडून ताज्या वेळेचे काम मागणे मात्र त्याने सोडले.

एकदा दुकानाच्या मेजावर त्याची वही राहिली. वडिलांनी सहज चाळली. विषयातील अक्षर त्यांना कळले नाही, पण तारखा, कारणे आणि आडव्या रेघेने खोडलेल्या नोंदी ओळखीच्या वाटल्या. मुलगा घरी आल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “मार्च महिन्यातल्या दोन नोंदी अजून उभ्या दिसतात. त्यांची वसुली कधी?”